कन्सल्टन्सीने आधीचा पगार आणि तीन पे स्लिप मागितल्या आहेत. काय उत्तर द्यावं?

मुलुंड_पश्चिम (सोमवार, दुपारी १:१०)

नमस्कार. गेल्या आठवड्यात एका कन्सल्टन्सीतून फोन आला. बीकेसीतल्या एका कंपनीत फायनान्स एक्झिक्युटिव्हची जागा आहे. कामाबद्दल पंधरा-वीस मिनिटं छान बोलणं झालं. बोलणारी मुलगी मराठीच होती आणि तिला कामातलं कळत होतं. आज सकाळी तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड आणि मागच्या तीन महिन्यांच्या पे स्लिप, संध्याकाळपर्यंत पाठवा.

मी साकीनाक्याला मालवाहतुकीच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. २०२० च्या ऑगस्टमध्ये लागले. तेव्हा सगळीकडे माणसं कमी करत होते, म्हणून मिळेल त्या पगारावर हो म्हटलं. त्यानंतर दरवर्षी सहा-सात टक्के वाढ. आज जीएसटीची रिटर्न्स, व्हेंडरची पेमेंट्स, महिनाअखेरीचं क्लोजिंग आणि ऑडिटरना लागणारं सगळं मी एकटी बघते. इंटर सीए आहे. माझ्या बरोबरीच्या दोघी-तिघींना याच कामाचे नऊ-साडेनऊ लाख मिळतात.

मला हातात महिन्याला ४२,४०० येतात, म्हणजे वर्षाला साधारण ५ लाख ९ हजार. हा आकडा दिला की त्यावर तीस टक्के लावून साडेसहाच्या आसपास ऑफर येणार, ही भीती आहे. आकडा न देता, पण उद्धटही न वाटता काय लिहावं? तिच्याशी बिघडवायचं नाहीये.

भांडुपकर (सोमवार, दुपारी १:३२)

घाबरायचं काय? सरळ लिहा की आधीचा पगार विचारणं बेकायदेशीर आहे. माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो, त्याला तिकडे कुणी विचारूच शकत नाही. आपण गप्प बसतो म्हणून हे लोक विचारतात.

पाटीपेन्सिल (सोमवार, दुपारी २:०५)

भांडुपकर, मावसभाऊ सांगतो ते तिकडे खरं आहे. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारता येत नाही. न्यूयॉर्क शहरात त्याच्या काही महिने आधीच, २०१७ च्या अखेरीस, तसा नियम लागू झाला. भारतात मात्र खासगी कंपनीला हा प्रश्न विचारायला बंदी करणारा कायदा नाही. त्यामुळे मुलुंडने असं लिहिलं तर समोरची मुलगी वाद घालणार नाही, ती फक्त पुढच्या उमेदवाराला फोन लावेल.

मुलुंड, मी आधी कन्सल्टन्सीत होते आणि आता कंपनीच्या बाजूने भरती बघते. तिच्यासमोर काय असतं ते आधी सांगते, म्हणजे उत्तर कसं द्यायचं ते आपोआप सुचेल. तिच्याकडे एक एक्सेल असतो, ज्याला आम्ही ट्रॅकर म्हणतो. नाव, एकूण अनुभव, या कामाचा अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस, राहण्याचं ठिकाण, असे रकाने. तिला संध्याकाळी सहापर्यंत चार-पाच नावं कंपनीला पाठवायची असतात. रिकामा रकाना असलेलं नाव तिचा टीम लीडच परत पाठवतो. म्हणजे ती तुझा पगार पाडायला बसलेली नाही, तिला रकाना भरायचा आहे.

उलट तिची फी तुझ्या नव्या सीटीसीवर ठरते. पुष्कळ ठिकाणी ती वर्षाच्या ८.३३ टक्के असते, म्हणजे एका महिन्याचा पगार. तू साडेसहावर लागलीस तर तिच्या कंपनीला कमीच मिळणार. तिची खरी काळजी वेगळी आहे: चार राउंड होतील, ऑफर येईल आणि तू आकडा बघून नाही म्हणशील. तुझ्या उत्तराने ती काळजी मिटली तर अर्धं काम झालं.

एक गोष्ट आज करू नकोस. ५ लाख ९ हजार हा आकडा कुठेही लिहू नकोस. तो तुझा सीटीसी नाहीच. अपॉइंटमेंट लेटरच्या किंवा शेवटच्या इन्क्रिमेंट लेटरच्या मागे पगाराची फोड दिलेली असते, ती बघून इथे टाक. तोवर तिला एवढंच कळव: ‘मेसेज मिळाला, ऑफिसात आहे, संध्याकाळी सविस्तर लिहिते.’

नितीन_डोंबिवली (सोमवार, दुपारी २:४०)

पे स्लिप द्यायला काय हरकत आहे? मी गेल्याच महिन्यात घराच्या कर्जासाठी तीन महिन्यांच्या पे स्लिप आणि फॉर्म १६ दिला. बँक फक्त हप्ता झेपेल का तेवढं बघते. खाडाखोड केली तर उलट फाईल अडकते. सगळं स्वच्छ स्कॅन करून द्या.

स्मिता_वाशी (सोमवार, दुपारी २:५२)

नितीन, बँकेला द्यायचंच असतं, तिथे पगार जास्त दिसला तर आपलाच फायदा. इथे ज्याच्याशी पगार ठरवायचा आहे तोच जुना पगार मागतोय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलुंड_पश्चिम (सोमवार, दुपारी ४:१५)

इन्क्रिमेंट लेटर सापडलं. वर्षाची फोड अशी: बेसिक २,४०,०००, एचआरए १,२०,०००, स्पेशल अलाउन्स १,८०,०००. त्याखाली कंपनीचा पीएफ २८,८००, ग्रॅच्युइटी ११,५४४, मेडिक्लेमचा हप्ता ९,६५६ आणि व्हेरिएबल ६०,०००. एकूण ६,५०,०००. मी हे पान आजवर कधी नीट वाचलंच नव्हतं. व्हेरिएबल गेल्या वर्षी पूर्ण मिळालं होतं, मार्च संपल्यावर मेच्या पगारात येतं.

पाटीपेन्सिल (सोमवार, संध्याकाळी ५:००)

बघ, तुझा सीटीसी साडेसहा लाख आहे. तू हातात येणारी रक्कम बाराने गुणत होतीस. महिन्याच्या ४५,००० ग्रॉसमधून तुझा पीएफ २,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेले की ४२,४०० उरतात. समोरचा माणूस सीटीसी विचारतो आणि ऑफरही सीटीसीतच देतो. तू हातातला आकडा सांगितलास तर सुरुवातीलाच स्वतःचे १ लाख ४० हजार कमी केलेस, आणि तीस टक्के त्या कमी आकड्यावर लागले. मी पाहिलेल्या उमेदवारांत ही चूक फार होते, विशेषतः अकाउंट्समध्ये, कारण आपल्याला हातात पडतं तेच खरं वाटतं.

आता उत्तर. मराठीत लिहितेय, पाठवताना तुझ्या नेहमीच्या इंग्रजीत कर, पण वाक्यांचा क्रम बदलू नकोस.

‘नमस्कार. आपल्या बोलण्यावरून ही जागा मला आवडली. महिनाअखेरीचं क्लोजिंग आणि जीएसटी मी सध्या स्वतंत्रपणे सांभाळते आणि या जागेतही तेच मुख्य काम दिसतं. या कामासाठी आणि जबाबदारीसाठी माझी अपेक्षा ९ ते साडेनऊ लाख आहे. कंपनीने या जागेसाठी ठरवलेलं बजेट साधारण यात बसतं का, ते कळलं तर दोघींचाही वेळ वाचेल. नोटीस ६० दिवसांची आहे. सध्याच्या पगाराचा तपशील आणि पे स्लिप ऑफरच्या टप्प्यावर कंपनीच्या एचआरला नक्की देईन.’

क्रमाचं कारण असं. पहिल्या दोन वाक्यांत तू कामाबद्दल बोलतेस, म्हणून पुढची अपेक्षा कामाला जोडली जाते, जुन्या पगाराला नाही. तिसऱ्या वाक्यात तिला ट्रॅकरसाठी एक आकडा मिळतो. चौथ्यात तू तिला प्रश्न विचारतेस, म्हणजे पुढचं पाऊल तिच्याकडे जातं. आणि शेवटच्या वाक्यात तू नकार देत नाहीस, फक्त वेळ सांगतेस. ‘देणार नाही’ आणि ‘त्या टप्प्यावर देईन’ यांत तिच्या दृष्टीने फार फरक आहे, कारण दुसऱ्यात तू शेवटी पळून जाणारी वाटत नाहीस.

नोटीस माझ्या अंदाजाने लिहिली आहे, तुझ्या लेटरप्रमाणे बदल. आणि साडेनऊ मनात असेल तर ‘नऊ ते साडेनऊ’ मधला नऊ हा तुला चालणाराच आकडा हवा. समोरच्याला नेहमी खालचा ऐकू येतो.

गिरगावचा_अभि (सोमवार, रात्री ९:२०)

एवढं लांब कशाला? मी सहाला होतो, सात ऐंशी सांगितले आणि दहावर लागलो. कुणी विचारलं नाही. पीएफच्या पासबुकावरून पगार कळतो म्हणतात, तेही खोटं आहे. माझ्या पासबुकात दर महिन्याला १,८०० दिसतात. माझा पगार ३० असो की ८०, तो आकडा तेवढाच. जुन्या कंपन्याही फोनवर फक्त तारखा आणि हुद्दा सांगतात. थोडं वाढवून सांगा, सगळे सांगतात.

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री १०:०५)

अभि, तुमचं अर्धं बरोबर आहे. तुमच्या कंपनीने पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला आहे, त्याचे १२ टक्के म्हणजे १,८००. त्यावरून खरंच काही कळत नाही. पण मुलुंडची कंपनी पूर्ण बेसिकवर कापते. तिच्या पासबुकात तिचे २,४०० दिसणार, त्यावरून बेसिक २०,००० आहे हे कुणीही अकाउंटंट एका मिनिटात काढेल. आणि ती तर फायनान्समध्येच निघाली आहे. तिथे तिची मुलाखत घेणाऱ्याला हे गणित नक्की येतं.

जुनी कंपनी फोनवर पगार सांगत नाही, हेही बहुतेक ठिकाणी खरं. पण पगार तपासण्याचा रस्ता फोनचा नसतोच. ऑफरच्या आधी किंवा रुजू होताना पे स्लिप, कधी पगाराच्या खात्याचं बँक स्टेटमेंट, कधी फॉर्म १६ मागतात. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर टीडीएस नीट कापला जावा म्हणून नव्या कंपनीचा पेरोलवाला आधीचं उत्पन्न विचारतो. यांतल्या एका कागदावर सात ऐंशी दिसले नाहीत की प्रश्न पगाराचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो. माझ्या हातून अशा दोन-तीन ऑफर मागे घेतल्या गेल्या आहेत. त्यांतल्या एकाने जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन टाकला होता. तो मुलगा कामाला चांगला होता, खरा आकडा सांगितला असता तरी आम्ही त्याला तेवढेच दिले असते. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तुमचं निभावलं, त्याचा मला आनंद आहे. पण दुसऱ्याला हा सल्ला देऊ नका.

गिरगावचा_अभि (सोमवार, रात्री १०:३०)

मान्य, फायनान्सला धोका जास्त. आमच्याकडे सेल्समध्ये इन्सेंटिव्ह महिन्याला बदलतो, त्यामुळे कुठला आकडा खरा हाच प्रश्न असतो. मी सात ऐंशीमध्ये इन्सेंटिव्ह धरला होता, हे लिहायचं राहिलं.

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री १०:४२)

मग तुम्ही खोटं सांगितलंच नव्हतं! इन्सेंटिव्ह खरंच मिळाला असेल तर तो धरायचाच. फक्त फिक्स्ड किती आणि गेल्या बारा महिन्यांत इन्सेंटिव्ह किती, हे वेगळं सांगायचं.

स्मिता_वाशी (मंगळवार, सकाळी ८:५०)

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, इथेच विचारते. मी २०१८ मध्ये मुलीच्या जन्मानंतर नोकरी सोडली. तेव्हा ४ लाख ८० हजार होते. आता परत शोधतेय आणि प्रत्येक जण ‘लास्ट ड्रॉन’ विचारतो. तो आकडा सांगितला की समोरचा पाच-साडेपाच म्हणतो. मधल्या काळात मी घरून दोन लहान कंपन्यांची टॅलीची कामं केली, त्याची बिलं आहेत, पण पे स्लिप नाही.

पाटीपेन्सिल (मंगळवार, सकाळी ९:३०)

स्मिता, तुझ्या बाबतीत आकडा लपवायची गरज नाही. त्याला तारीख जोडायची. ‘२०१८ मध्ये सोडताना ४ लाख ८० हजार होता, त्यामुळे आज तो उपयोगाचा नाही. आज याच कामासाठी मी साडेसहाची अपेक्षा ठेवते.’ एवढं एका दमात बोल, मध्ये थांबू नकोस. थांबलीस की समोरचा ४.८ लिहून घेतो आणि पुढचं ऐकत नाही. घरून केलेल्या कामाची बिलं आणि त्यावर भरलेलं आयटी रिटर्न असेल तर तेच तुझं ताजं उत्पन्न. महिन्याला किती तासांचं काम होतं तेही सांग, नाहीतर ते पूर्ण वेळेचं समजून आकडा लहान वाटेल.

कुलाबा_ते_कर्जत (मंगळवार, सकाळी ११:१५)

मला पाटीपेन्सिल यांचं सगळं पटत नाही. मी भरती करत नाही, पण आमच्या टीमसाठी मुलाखती घेतो आणि तो ट्रॅकर माझ्याच टेबलावर येतो. ज्याच्या रकान्यात ‘ऑफरच्या टप्प्यावर सांगेन’ असतं, त्याचं नाव मी बाजूला ठेवतो. त्याचा राग येतो म्हणून नाही. माझ्या हातात आठ नावं असतात आणि सहा जणांचे आकडे असतात, बस. माझं मत असं की आकडा पहिल्याच दिवशी द्यावा, पण पूर्ण द्यावा आणि सोबत अपेक्षा ठामपणे सांगावी. साडेसहावरून साडेनऊ म्हणजे सेहेचाळीस टक्के. ते मिळतं, पण कारण सांगावं लागतं. ते कारण ट्रॅकरमध्ये नसलं तर मला कसं कळणार?

पाटीपेन्सिल (मंगळवार, दुपारी १२:००)

तुमच्या टेबलावर कोणत्या पातळीची नावं येतात यावर ते अवलंबून असेल. आठ जणांतून एक निवडायचा असेल तेव्हा तुम्ही म्हणता तसंच होतं. ज्या जागेला महिनाभर माणूस मिळत नाहीये तिथे रिकामा रकाना कुणी बघत नाही. उमेदवाराला मात्र आपण कुठल्या जागेसाठी उभे आहोत ते आधी कळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की पहिल्यांदा बजेट विचारायचं, एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं गेलं तर आकडा द्यायचा.

कुलाबा_ते_कर्जत (मंगळवार, दुपारी १२:१०)

एकदाच, हे चालेल. तीनदा टोलवणारे बघितले आहेत. तरी मी पहिल्याच वेळी दिला असता.

मुलुंड_पश्चिम (मंगळवार, रात्री ८:४०)

काल संध्याकाळी पाटीपेन्सिल यांनी लिहिलं तसंच पाठवलं. फक्त नोटीस माझी ३० दिवसांची आहे, तेवढं बदललं. आज दुपारी तिचा फोन आला. चिडलेली अजिबात नव्हती. म्हणाली, ‘मॅडम, मी समजू शकते, पण क्लायंटच्या फॉरमॅटमध्ये सध्याचा सीटीसी लागतोच. बजेट नऊपर्यंत आहे, कॅन्डिडेट चांगला असेल तर थोडं वर जाऊ शकतात.’ उद्या सकाळी कळवते असं म्हणून मी फोन ठेवला. बजेट नऊ आहे हे कळलं, त्याने खूप धीर आला. मी साडेसहाच्या ऑफरची तयारी करून बसले होते. आता आकडा द्यायचा ना?

भांडुपकर (मंगळवार, रात्री ९:०५)

अपॉइंटमेंट लेटरमध्ये पगार गोपनीय ठेवायची अट असते, ते कारण सांगता येईल. आमच्याकडे तर स्पष्ट लिहिलं आहे की कुणालाही सांगू नये.

पाटीपेन्सिल (मंगळवार, रात्री ९:४०)

भांडुपकर, अट खरंच असेल तर पे स्लिप बाहेर न देण्यासाठी हे सभ्य कारण आहे. पहिल्या फेरीत तिचा उपयोग होतो. पण अशी अट पुष्कळांच्या लेटरमध्ये असते हे रिक्रूटरला माहीत असतं, त्यामुळे तिच्यावर फार वेळ टिकता येत नाही. मुलुंडचं काम तिच्याशिवायच झालं आहे.

मुलुंड, हो, आता दे. बजेट कळलं, म्हणजे जे हवं होतं ते मिळालं. आता न देणं म्हणजे तिलाच अडचणीत टाकणं. पण आकडा एकटा जाऊ देऊ नकोस. तोंडी सांगितलंस तर ट्रॅकरमध्ये फक्त ६.५ पडेल, म्हणून लिहूनच पाठव, आणि ती जसंच्या तसं चिकटवू शकेल इतकं आटोपशीर ठेव:

‘सध्याचा सीटीसी ६.५० लाख: फिक्स्ड ५.९० आणि व्हेरिएबल ०.६०, जो गेल्या वर्षी पूर्ण मिळाला. हा पगार ऑगस्ट २०२० मध्ये ठरलेल्या मूळ रकमेवर वाढत आला आहे. तेव्हा काम फक्त व्हेंडरच्या बिलांचं होतं, आता क्लोजिंग, जीएसटी आणि ऑडिट पूर्ण माझ्याकडे आहे. अपेक्षा ९.२५ लाख.’

शेवटून दुसरं वाक्य कुलाबा यांच्यासाठी आहे. त्यांनी मागितलेलं कारण तेच. कमी पगाराबद्दल तक्रार करायची नाही, जुन्या कंपनीने अन्याय केला असंही म्हणायचं नाही. काम वाढलं आणि पगार जुन्या पायावर राहिला, एवढंच सांगायचं. बजेट नऊ असताना सव्वानऊ लिहिलं, कारण ती स्वतःच ‘थोडं वर’ म्हणाली आहे आणि नऊवर यायला जागा राहते. साडेनऊला चिकटून राहिलीस तर नाव वरच्या माणसाकडे न जाताच थांबू शकतं.

आणखी एक. पुढच्या मेच्या आत सोडलंस तर तुझे व्हेरिएबलचे ६० हजार बहुधा बुडतील, कारण पैसे जमा होताना नोकरीवर असणं अनेक कंपन्यांत गरजेचं असतं. तुझ्या लेटरमध्ये काय लिहिलंय ते बघ. तसं असेल तर ऑफरच्या वेळी जॉइनिंग बोनस म्हणून तेवढी रक्कम मागता येते. आत्ता नको, तेव्हा.

कुलाबा_ते_कर्जत (मंगळवार, रात्री १०:१५)

असा मजकूर माझ्याकडे आला असता तर मी मुलाखतीला नक्की बोलावलं असतं. ‘ऑडिट पूर्ण माझ्याकडे’ यावर मात्र प्रश्न येणार. कोणती शेड्युल्स तुम्ही स्वतः तयार करता, ऑडिटरच्या किती क्वेरी परत येतात, टूबी आणि पर्चेस रजिस्टर जुळत नाही तेव्हा काय करता, याची तयारी ठेवा. बेचाळीस टक्के मागितले की मुलाखत घेणारा पगाराचा नाही, कामाचा हिशोब विचारतो.

मुलुंड_पश्चिम (बुधवार, संध्याकाळी ७:२०)

पाठवलं. तासाभरात उत्तर आलं, ‘परफेक्ट, क्लायंटला असंच फॉरवर्ड करते.’ शुक्रवारी दुपारी बीकेसीत मुलाखत आहे. पण पे स्लिपसाठी तिने परत विचारलं. ‘प्रोफाइलसोबत जोडलेल्या असल्या तर बरं’ असं म्हणाली, सक्ती दिसली नाही. आकडा दिलाच आहे, तर पे स्लिपही देऊन टाकू का?

स्मिता_वाशी (बुधवार, संध्याकाळी ७:५०)

मी एकदा दिल्या होत्या. नंतर मला माहीत नसलेल्या दोन कन्सल्टन्सींचे फोन आले, त्यांना माझा पगार रुपयापर्यंत ठाऊक होता. नको देऊस.

पाटीपेन्सिल (बुधवार, रात्री ८:३०)

आत्ता देऊ नकोस. पे स्लिपवर फक्त पगार नसतो. त्यावर पॅन, यूएएन, बँकेचा खाते क्रमांक, कधी जन्मतारीखही असते. कन्सल्टन्सीकडून ती पीडीएफ पाच ठिकाणी जाते आणि मग ती कुणाकुणाच्या लॅपटॉपवर राहिली हे त्या मुलीलाही सांगता येणार नाही. तिचा हेतू वाईट नाही, पण कागद तिच्या हातात राहत नाही.

तिला लिही: ‘आकडे लेटरप्रमाणे अचूक दिले आहेत. शेवटचा राउंड झाल्यावर पे स्लिप कंपनीच्या एचआरच्या अधिकृत ईमेलवर लगेच पाठवते, तुम्हाला सीसीत ठेवते.’ तिला सीसीत ठेवणं महत्त्वाचं आहे. तिची फी तिच्या हातून काम झालं हे दिसण्यावर अवलंबून असते. आपल्याला वगळून उमेदवार थेट कंपनीशी बोलतोय असं तिला वाटलं तर ती अस्वस्थ होते, आणि तिचं तसं वाटणं चूक नाही.

तिने पुन्हा आग्रह धरला तर एकच पे स्लिप दे. खाते क्रमांक, पॅन आणि यूएएन झाकून, रकमा तशाच ठेवून. आणि हे झाकलं आहे असं ईमेलमध्ये लिहून. पेनाने खोडून फोटो काढू नकोस, ते फेरफार केल्यासारखं दिसतं. पीडीएफवर काळी पट्टी टाकायची आणि मग पानाचं चित्र करून पाठवायचं, नाहीतर पट्टीखालचा मजकूर कॉपी करता येतो.

नितीन_डोंबिवली (बुधवार, रात्री ८:५५)

माझी आधीची सूचना मागे घेतो, मला वाटलं कर्जाबद्दल चाललंय. पण यावरून आठवलं, नोकरीच्या पोर्टलवर सध्याचा पगार भरल्याशिवाय प्रोफाइल पुढे सरकतच नाही. तिथे काय भरायचं? माझा पुतण्या शून्य टाकतो.

गिरगावचा_अभि (बुधवार, रात्री ९:१०)

शून्य टाकलं की फ्रेशर्सचे फोन येतात. मी एक रुपया टाकून बघितला, तेच झालं.

पाटीपेन्सिल (बुधवार, रात्री ९:३५)

पोर्टलवर आम्ही शोधताना पगाराची चाळणी लावतो, समजा पाच ते आठ. शून्य किंवा एक लिहिलेला माणूस त्या यादीत येतच नाही. तिथे खरा सीटीसी भरायचा, हातातला नाही. पगार कमी असेल तर ते नाव कमी बजेटच्या शोधात वर येतं, हा तोटा आहेच. तो पूर्णपणे टाळण्याचा प्रामाणिक मार्ग मला आजवर सापडलेला नाही. अपेक्षित पगाराचा वेगळा रकाना असेल तर तो मात्र कधी रिकामा सोडू नये, आणि ‘निगोशिएबल’ हा शब्द तिथे लिहू नये.

कुलाबा_ते_कर्जत (बुधवार, रात्री १०:००)

‘निगोशिएबल’बद्दल सहमत. पोर्टलबद्दल दुसऱ्या कुणाचा अनुभव असेल तर वाचायला आवडेल.

मुलुंड_पश्चिम (शुक्रवार, रात्री ९:१५)

मुलाखत झाली. फायनान्स मॅनेजरनी टूबीबद्दल खरंच विचारलं, क्लोजिंग कितव्या दिवशी होतं तेही. शेवटी त्यांच्या एचआरनी परत पगार काढला. म्हणाल्या, ‘साडेसहावरून सव्वानऊ खूप मोठी उडी आहे, आमच्याकडे साधारण तीस टक्के देतात.’ मी म्हटलं, ‘तीस टक्के धरले तर साडेआठच्या खाली येतं, आणि या जागेचं बजेट नऊपर्यंत असल्याचं मला कळवलं होतं. काम त्या बजेटएवढं असेल तर नऊवर मला आनंदाने यायचं आहे.’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, लिहून घेतलं. सोमवारी दुसरा राउंड आहे. नऊ म्हणायची घाई केली का?

पाटीपेन्सिल (शुक्रवार, रात्री ९:५०)

मी अजून एक राउंड थांबले असते, पण त्यांनी टक्केवारी काढली आणि तू बजेटवर नेलंस, ते अगदी बरोबर केलंस. आता सोमवारी पगाराचा विषय तू काढू नकोस. त्यांनी काढला तर त्या नवामध्ये फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती एवढंच विचार. नऊ म्हणून आठ अधिक एक पुढे ठेवतात, आणि तो एक कशावर मिळणार हे लेटर हातात आल्यावरच कळतं.

कुलाबा_ते_कर्जत (शुक्रवार, रात्री १०:०५)

आणि त्यांचा पीएफ पूर्ण बेसिकवर आहे की १,८०० वर, तेही. हातात किती येणार ते त्यावर बदलतं.